करंट रेशो घसरला, साठ्याचे दिवस वाढले: हिंगण्याच्या एका कारखान्याचा ताळेबंद वाचताना

हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कॅश क्रेडिटचं, म्हणजे रोजच्या व्यवहारासाठी बँकेने दिलेल्या उचलीच्या मर्यादेचं, नूतनीकरण २०२५ च्या जुलैत आलं, तेव्हा बँकेने एकाच ओळीत दोन गोष्टींचा खुलासा मागितला: वर्षभरात पैशात बदलणाऱ्या चालू मालमत्तेला वर्षभरात फेडायच्या चालू देण्यांनी भागून येणारा करंट रेशो १.५५ वरून १.१२ वर का आला, आणि साठा किती दिवसांच्या उत्पादनखर्चाएवढा आहे ते सांगणारे साठ्याचे दिवस ७० वरून ११० का झाले? मी नागपुरात छोट्या कारखान्यांचे हिशेब आणि बँकेचे कागद पाहते. हे काम माझ्याकडे आलं तेव्हा ताळेबंद अजून मसुद्यात होता, ऑडिटरची सही व्हायची होती. त्यामुळे नुसता खुलासा लिहून मोकळं होण्यापेक्षा आकड्यांच्या आत शिरायला वाव होता.

कारखान्याचं नाव सांगत नाही. कोळसा वाहणाऱ्या कन्व्हेयरच्या पट्ट्याखाली जे रोलर असतात, ते इथे बनतात. नागपूरभोवती वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, कोळसा खाणी आहेत, कोराडी-खापरखेड्यासारखी औष्णिक केंद्रं आहेत, त्यामुळे या मालाला गिऱ्हाईक आहे. बहुतेक ऑर्डर ठेकेदारांमार्फत येतात. २०२४-२५ ची विक्री साडेसहा कोटी, आदल्या वर्षीची सहा कोटी वीस लाख. करानंतरचा नफा १२ लाख. मालक सत्तरीकडे झुकलेले, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "ऑर्डर वाढल्या न ताई, मग माल तर भरून राहणारच. त्यात काय लिहायचं?" मसुद्यातही नेमकं हेच एक वाक्य लिहिलेलं होतं: वाढीव ऑर्डरमुळे साठा वाढला, म्हणून करंट रेशो कमी झाला.

कंपन्यांच्या ताळेबंदात आता अकरा गुणोत्तरं द्यावी लागतात, आणि एखादं गुणोत्तर आदल्या वर्षीपेक्षा २५ टक्क्यांहून जास्त बदललं तर कारणही द्यावं लागतं. कंपनी कायद्याच्या शेड्यूल तीनमध्ये १ एप्रिल २०२१ पासून हा बदल आहे. करंट रेशो जवळपास २८ टक्के घसरला होता, म्हणून ते वाक्य आलं होतं. वर्षाचा उत्पादनखर्च साठ्याच्या किती पट आहे ते सांगणाऱ्या साठ्याच्या उलाढालीबद्दल मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं, कारण ते गुणोत्तर २३ टक्क्यांच्या आसपास घसरलं होतं. मर्यादेच्या आत.

इथे पहिली गोष्ट कळली. ताळेबंदाच्या टिपणीतली साठ्याची उलाढाल सरासरी साठ्यावर काढलेली होती, म्हणजे वर्षारंभीचा आणि वर्षाअखेरचा साठा मिळवून निम्मा केलेला. वर्षारंभी ९१ लाख आणि अखेरीस १५४ लाख, तर सरासरी १२२.५ लाख निघते. मालाचा उत्पादनखर्च दिवसाला १.४ लाख. त्या हिशेबाने साठा ८८ दिवसांचा. बँकेच्या अधिकाऱ्याने अखेरचा साठा धरला, म्हणून त्याला ११० दिवस दिसले. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण वर्षभर साठा चढत गेला असेल तर सरासरी ती चढण अर्धी झाकते, म्हणून मी अखेरच्या साठ्यावरच काम केलं.

मालाचा उत्पादनखर्चही आयता मिळत नाही, हे सांगायला हवं. आपल्याकडच्या नफा-तोटा पत्रकात खर्च प्रकारानुसार मांडतात: वापरलेला कच्चा माल, तयार आणि अर्धवट मालातला फरक, पगार, व्याज, घसारा, इतर खर्च. त्यातून कारखान्याची मजुरी, वीज, जॉबवर्क वेगळं काढून कच्च्या मालात मिळवावं लागतं. ते केल्यावर या वर्षीचा आकडा ५११ लाख आला, आदल्या वर्षीचा ४७४.५ लाख, म्हणजे दिवसाला १.३ लाख. कुणी घाईत विक्रीनेच भागलं असतं तर दिवस कमी दिसले असते, कारण विक्रीत नफा मिसळलेला असतो आणि साठ्यात तो नसतो.

आता करंट रेशो. भाऊंच्या वाक्यात अर्धं तथ्य होतं. उधारीवर माल भरला की चालू मालमत्ता आणि चालू देणी दोन्ही सारख्याच रकमेने वाढतात, आणि गुणोत्तर एकापेक्षा जास्त असेल तर ते आपोआप एकाकडे सरकतं. यात कुणाचं नुकसान झालेलं नसतं, निव्वळ भागाकाराचा गुण आहे. म्हणून मी आधी हेच करून पाहिलं: फक्त साठा वाढला असता आणि बाकी काहीच घडलं नसतं, तर रेशो किती झाला असता?

आदल्या वर्षी चालू मालमत्ता २१७ लाख आणि चालू देणी १४० लाख होती. साठा वाढला ६३ लाखांनी. दोन्हीकडे ६३ मिळवले की २८० भागिले २०३, म्हणजे १.३८. पण प्रत्यक्षात रेशो होता १.१२. चालू मालमत्ता बरोबर २८० लाखच होती, चालू देणी मात्र २०३ ऐवजी २५० लाख. म्हणजे एकूण घसरण ०.४३ ची, त्यातली साठ्यामुळे ०.१७ ची, आणि ०.२६ ची कशामुळे ते त्या वाक्यात कुठेच नव्हतं. मोठा वाटा साठ्याचा नव्हताच.

जास्तीचे ४७ लाख कुठे गेले हे शोधायला ताळेबंदाच्या चालू नसलेल्या बाजूकडे जावं लागतं. खेळतं भांडवल, म्हणजे चालू मालमत्तेतून चालू देणी वजा करून उरतं ते, ४७ लाखांनी घटलं असेल, तर तेवढे पैसे कुठल्या तरी दीर्घ मुदतीच्या गोष्टीत गेलेले असणारच. ते शोधायला वेळ लागला नाही. स्थिर मालमत्तेत ६० लाखांची भर होती: एक सीएनसी लेथ आणि रोलरची दोन्ही टोकं एकाच वेळी वेल्ड करणारं एसपीएम, म्हणजे त्याच कामासाठी बनवलेलं खास मशीन. शिवाय जुन्या मुदत कर्जातले १२ लाख पुढच्या वर्षात भरायचे म्हणून चालू देण्यांकडे आले होते. असे ७२ लाख गेले. आले किती? नफा १२ आणि घसारा १३, मिळून २५. बहात्तरातून पंचवीस वजा केले की ४७. आकडा रुपयाला रुपया जुळला, तेव्हा खात्री पटली की आणखी काही लपलेलं नाही.

मशीनसाठी नवीन कर्ज घेतलंच नव्हतं. भाऊंना विचारलं तर म्हणाले, "मुदत कर्जाचा अर्ज करा, प्रोजेक्ट रिपोर्ट द्या, दोन महिने जातात. सीसीत जागा होती, चेक देऊन टाकला." कॅश क्रेडिट वर्षअखेरीस ७० वरून १२० लाखांवर गेलं होतं, मंजूर मर्यादा १२५. मशीन दहा वर्षं चालणार आणि तिचा पैसा थोडा थोडा करून परत येणार, पण ज्या खात्यातून ती घेतली ते खातं बँक दर वर्षी नव्याने तपासते. बँकेच्या भाषेत ही अल्पमुदतीच्या पैशाची दीर्घ मुदतीकडे वळवणूक. करंट रेशो १.३३ च्या खाली गेला की बँकेतला माणूस आधी हीच शंका घेतो. हा १.३३ चा मापदंड बँक कर्जाबद्दलच्या टंडन समितीच्या दुसऱ्या पद्धतीतून आलेला, सत्तरच्या दशकातला, पण बऱ्याच बँकांच्या तक्त्यांत तो अजून बसलेला आहे.

मशीन घेणं चुकीचं नव्हतं, हे मी भाऊंना दोनदा सांगितलं. एसपीएममुळे एका रोलरचा वेल्डिंगचा वेळ खरंच कमी झाला आहे. पैसा कुठून आला एवढाच मुद्दा.

मग साठ्याकडे वळले. १५४ लाख हा एकच आकडा घेऊन काहीच सांगता येत नाही. त्याचे तीन भाग केले. कच्चा माल ४८ वरून ७० लाख. अर्धवट माल २५ वरून ३९. तयार माल १८ वरून ४५. कच्च्या मालाचे दिवस काढताना एकूण खर्चाने नाही, तर वापरलेल्या कच्च्या मालाने भागायचं, नाहीतर दिवस उगाच कमी दिसतात. तसं भागल्यावर कच्चा माल ४८ दिवसांवरून ६७ दिवसांवर गेलेला दिसला. तयार माल १४ दिवसांवरून ३२ वर.

यानंतर जे केलं त्याने सगळ्यात जास्त उलगडा झाला, आणि त्यासाठी लागणारे कागद प्रत्येक कारखान्यात पडलेले असतात. कॅश क्रेडिट आहे म्हणजे दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट जातं. एप्रिल २०२४ ते जून २०२५ ची सगळी स्टेटमेंट काढली आणि कच्चा माल, अर्धवट माल, तयार माल हे तीन आकडे महिन्यावार एकाखाली एक लिहिले. ताळेबंद ३१ मार्चचा एकच दिवस दाखवतो. हे कागद त्या दिवसाच्या आधीचं आणि नंतरचंही दाखवतात. शिवाय ही स्टेटमेंट वह्यांशी जुळतात की नाही, हेही आता कंपनीला ताळेबंदात सांगावं लागतं, त्यामुळे तसंही एकदा जुळवून पाहायचंच होतं.

तयार मालाचा आकडा वर्षभर पंधरा ते वीस लाखांत फिरत होता, मार्चमध्ये एकदम उसळला आणि मेअखेर पुन्हा खाली आला. कच्च्या मालाचं उलट. तो सप्टेंबरमध्ये चढला आणि जूनपर्यंत उतरलाच नाही. तुंबलेला साठा आणि वाट पाहणारा साठा ताळेबंदात सारखेच दिसतात, पण महिन्यांच्या रांगेत त्यांच्या चाली वेगळ्या असतात.

तयार मालातले २८ लाख एकाच ऑर्डरचे होते. मार्चमध्ये त्रयस्थ तपासनिसाने रोलर तपासून पास केले, पण साइट तयार नाही म्हणून ठेकेदाराने डिस्पॅच क्लिअरन्स दिला नाही. माल शेडमध्ये पॅक होऊन पडून राहिला. मी तपासणीचा दाखला पाहिला, त्याची तारीख मार्चचीच होती. मेमधली ई-वे बिलं आणि बिलाची प्रतही पाहिली. २८ लाख खर्चाचा माल ३६ लाखांना गेला होता. हा साठा चांगला. तो बाजूला काढला तर तयार माल १७ लाख राहतो, म्हणजे आदल्या वर्षीपेक्षाही कमी.

कच्चा माल कागदावर उलगडेना, तेव्हा कारखान्यात गेले. स्टोअर सांभाळणारे दादा मला शेडच्या मागच्या आवारात घेऊन गेले. तिथे उघड्यावर पाइपांचा एक ढीग होता. खालच्या बाजूचे पाइप मातीला टेकलेले, हात लावला की गंजाची खपली निघायची. एका गठ्ठ्याला तारेने पत्र्याचा टॅग बांधलेला होता, त्यावर हीट नंबर आणि खडूने लिहिलेलं १२७. तारीख सप्टेंबरची. "हे आम्ही उघडलंच नाही मॅडम," दादा म्हणाले. "ऑर्डर १२७ ची होती, मग पार्टीने १३९ करून टाकली." रोलरच्या पाइपांचे व्यास ठरलेले असतात, १२७ मिलिमीटरच्या वरचं एक माप १३९.७ चं. ड्रॉइंग बदलून आलं तोवर २५ टन पाइप येऊन पडला होता, किलोमागे ६४ रुपयांनी. सोळा लाख रुपये. त्यानंतर १२७ ची एकही ऑर्डर आलेली नव्हती आणि हातातल्या ऑर्डरींमध्येही नव्हती.

लेखामानक दोन सांगतं की साठा खर्च किंवा विकून मिळेल ती निव्वळ किंमत, यातल्या कमी असलेल्या आकड्याने धरायचा. कच्च्या मालाला त्यात एक सवलत आहे: त्यापासून होणारा तयार माल खर्चाइतक्या किंवा त्याहून जास्त किमतीला विकला जाणार असेल तर कच्च्या मालाचा भाव उतरला तरी किंमत कमी करायची गरज नाही. मसुदा करणाऱ्याने ही सवलत सरसकट धरली होती. पण ज्या पाइपचा रोलर होणारच नाही, त्याला ती लागू कशी होईल? दोन व्यापाऱ्यांकडून भाव घेतला. गंज धरून चांगला भाव ४४ रुपये किलो आला. २५ टनांचे ११ लाख. म्हणजे पाच लाखांची घट मसुद्यातच दाखवणं भाग होतं.

भाऊंना हे कडू लागलं. "नफा बारा लाख, त्यातले पाच तुम्ही खाऊन टाकता काय?" त्यांचा राग मी समजू शकत होते. पण ते पाच लाख सप्टेंबरातच गेले होते. अखेरचा साठा जितका फुगलेला तितका खर्च कमी दिसतो आणि नफा जास्त. म्हणून साठ्याचे दिवस वाढलेले असतील आणि नफाही बरा दिसत असेल, तर त्या नफ्याकडे दुसऱ्यांदा पाहावं असं माझं ठाम मत आहे. गंमत बघा, या घटीने करंट रेशो १.१२ चा १.१० झाला, जेमतेम हलला. करपूर्व नफ्याचा मात्र जवळपास एक तृतीयांश भाग गेला. मृत साठा शोधायला करंट रेशो फार तोकडा आहे.

पुरवठादारांच्या देण्यांकडेही पाहिलं, कारण साठा कुणाच्या पैशावर उभा आहे हे तिथे कळतं. पुरवठादारांचे देणे ५० वरून ९२ लाख झाले होते; खरेदीच्या हिशेबाने ५० दिवसांची उधारी ८३ दिवसांवर गेली होती. यात जॉबवर्क करून देणारे काही छोटे उद्योग होते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचं देणं लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही, आणि २०२३-२४ पासून आयकराच्या कलम ४३बी(एच) मुळे मुदतीत न दिलेली अशी रक्कम दिली जाईपर्यंत खर्च म्हणून मिळत नाही. त्यांची यादी वेगळी काढून ऑडिटरकडे दिली.

याच उधारीमुळे बँकेत काय झालं ते भाऊंना एका कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा कुठे त्यांना पटलं. ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून किती उचलता येईल तो आकडा, काढताना त्यांची बँक साठ्यातून पुरवठादारांचं देणं वजा करते आणि उरलेल्यावर २५ टक्के मार्जिन कापते. १५४ वजा ९२, उरले ६२, त्याचे साडेशेहेचाळीस. नव्वद दिवसांच्या आतली येणी ९६ लाख, त्यांचे ७२. एकूण ११८.५ लाख, आणि खात्यात उचल १२०. आदल्या वर्षी याच हिशेबाने ३५ लाखांची मोकळी जागा होती. साठा ६३ लाखांनी वाढूनही ड्रॉइंग पॉवर साडेतेरा लाखांनीच वाढली, कारण दुसऱ्याच्या पैशाने भरलेल्या मालावर बँक पैसे देत नाही. आणि न हलणारा पाइप बँकेने वगळला तर आणखी बारा लाख जातात.

भाऊ बराच वेळ त्या कागदाकडे पाहत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मशीनचा पैसा वेगळा करा म्हणता."

तेच करायचं होतं. मशीन घेऊन वर्षही झालेलं नव्हतं, बिलं आणि पैसे दिल्याच्या नोंदी होत्या, म्हणून झालेल्या भांडवली खर्चापोटी पाच वर्षांचं ४० लाखांचं मुदत कर्ज मागितलं. ३१ मार्चचा ताळेबंद त्याने बदलत नाही, तो जसा आहे तसाच राहतो. पण पुढच्या वर्षाच्या अंदाजात फरक दाखवता येतो. तो समजावा म्हणून मार्चच्याच आकड्यांवर मांडून दाखवला: उचल ४० ने कमी, पुढच्या वर्षीचा ८ लाखांचा हप्ता चालू देण्यात, तर देणी २१८ आणि पाइपची घट धरून मालमत्ता २७५. रेशो १.२६. थांबलेल्या मालाचे २८ लाख वसूल होऊन तेवढं पुरवठादारांचं देणं चुकतं झालं तर १.३०. साठ्यामुळे जेवढं घसरलं होतं त्यातलं काही माल गेल्यावर आपोआप भरून येतं. मशीनमुळे घसरलेलं मात्र कर्जाची मांडणी बदलल्याशिवाय किंवा वर्षानुवर्षांच्या नफ्याशिवाय भरून येत नाही.

टिपणीतलं वाक्य बदललं. आता त्यात लिहिलं आहे: यंत्रसामग्रीवरचा ६० लाखांचा खर्च प्रामुख्याने अल्पमुदतीच्या कर्जातून झाल्याने, तसेच डिस्पॅचच्या प्रतीक्षेतील तयार मालामुळे चालू देणी वाढली. उलाढालीचं गुणोत्तर २५ टक्क्यांच्या आत होतं, तरी न हलणाऱ्या पाइपबद्दल साठ्याच्या टिपणीत घट दाखवली. बँकेला मी महिन्यावार तक्ता, तपासणीचा दाखला, मेची बिलं आणि मशीनची बिलं एकत्र दिली. अधिकाऱ्यांनी पाइपचा ढीग स्वतः येऊन पाहिला. मुदत कर्ज ४० ऐवजी ३६ लाखांचं मंजूर झालं, कॅश क्रेडिटची मर्यादा तीच राहिली, आणि न हलणारा माल स्टॉक स्टेटमेंटमध्ये वेगळ्या ओळीत दाखवण्याची अट आली.

अर्धवट मालाचे ३९ लाख मात्र मला पूर्ण उलगडता आले नाहीत. कारखान्यात जॉब कार्ड नव्हती, त्यामुळे कुठला शाफ्ट कुठल्या ऑर्डरचा आणि त्यावर किती मजुरी चढली, हे मार्चअखेरसाठी सांगणारा कागदच नव्हता. ऑडिटरने मोजणी आणि अंदाजावर ती रक्कम स्वीकारली. ऑगस्टपासून स्टोअरमधले दादा प्रत्येक ऑर्डरला कार्ड लावतात, आणि ड्रॉइंगवर गिऱ्हाइकाची अंतिम सही आल्याशिवाय पाइपची खरेदी ऑर्डर निघत नाही.